‘थांब जरा’ : खेळाआधी वाचून दाखवायच्या गोष्टीच्या प्रकल्प नोंदी

17 नोव्हेंबर 2025, सोमवार

आनंददायी शनिवारी मैदानावर जायच्या आधी तिसरी-चौथीला वाचून दाखवायला एक छोटी गोष्ट लिहायला घेतली आहे. गरज खो-खोतून निघाली. दोन्ही वर्गांची मिळून अठरा मुलं, म्हणजे नऊ-नऊचे दोन संघ बरोबर पडतात. पण संघ पडले की तीन-चार जणच सगळं ठरवतात. पळतीच्या पहिल्या तुकडीत कोणते तिघे जाणार, पाठलागाला कोण सुरुवात करणार, हे बाकीच्यांना मैदानात गेल्यावर कळतं. त्या बाकीच्यांत काही मुलं अशी आहेत की त्यांचा ‘खो’सुद्धा ऐकू येत नाही. खो-खोत मागून स्पर्श आणि तोंडाने ‘खो’ हे दोन्ही एकदम व्हावं लागतं. आवाज पोचला नाही तर पुढचा उठत नाही, आणि मग संघातलेच त्याच्यावर ओरडतात. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज आणखी खाली जातो.

गोष्टीत खो-खो घालायचा नाही, प्रश्नमंजुषा घालायची असं ठरवलं. मैदानात धीर धरणं म्हणजे पळणं, पडणं, चपळाई असं सगळं एकत्र येतं आणि जो जोरात पळतो तोच धीट ठरतो. प्रश्नमंजुषेत शरीराचं काही काम नाही. तिथे धीर म्हणजे एकच गोष्ट, ठरलेल्या वेळात आपल्या माणसांना काहीतरी सांगणं. नेमकी तीच गोष्ट मला नंतर मैदानावर हवी आहे. शिवाय केंद्रस्तरावरच्या प्रश्नमंजुषेमुळे गटनायक, गुण, वेळ संपली हे सगळं मुलांना पाठ आहे. गोष्टीत ते समजावत बसावं लागणार नाही.

19 नोव्हेंबर, बुधवार

आजचं सगळं काम एका प्रश्नावर गेलं. गोष्टीतली मुलगी ज्या प्रश्नाला बोलणार तो प्रश्न कोणता?

पाठांतराचा प्रश्न चालणार नाही. ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता’ असं विचारलं आणि तिने ‘शेकरू’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की ती अभ्यास करते. मग गोष्ट हुशारीची होते. मला असा प्रश्न हवा होता की ज्याचं चुकीचं उत्तर इतकं सरळ वाटावं की धीट मुलं ते बेधडक देतील, आणि बरोबर उत्तर मात्र कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

आंबेगावच्या या पट्ट्यात तसा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. शेकरू पिल्लांसाठी घर कुठे करतं? शेकरू म्हणजे मोठी खार, आणि खार म्हटलं की ढोली, असं मुलांच्या मनात पक्कं असतं. प्रत्यक्षात शेकरू उंच झाडाच्या वरच्या भागात, बारीक फांद्यांवर काटक्या आणि पानांचं मोठं गोल घरटं बांधतं. फांदी बारीक असल्यामुळे जड प्राणी तिथवर पोचत नाही. एकच शेकरू आपल्या भागात अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे भीमाशंकरच्या बाजूने चालत येणाऱ्या मुलांना वर मान केली की ती दिसतात. आज परिपाठानंतर सहज विचारलं तेव्हा पहिल्या दोन रांगा ‘ढोलीत, ढोलीत’ म्हणाल्या. कडेला बसलेल्या एका मुलाने बोट वर छताकडे केलं, पण तो काही बोलला नाही.

प्रश्न मिळाला.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला मसुदा झाला. मुलीचं नाव वेणू, गटनायक सोहम, तिसरी गौरी. तिन्ही नावांचं पहिलं अक्षर वेगळं ठेवलं आहे. पानावर वाचताना ‘सायली’ आणि ‘सानिका’ चालून जातात, कानाने ऐकताना मुलांचा गोंधळ उडतो. वर्गातल्या एकाही मुलाचं यातलं नाव नाही, हेही हजेरीपट उघडून पाहिलं.

कानासाठी लिहिताना आणखी एक गोष्ट पाळते आहे. आधी बोलणाऱ्याचं नाव, मग त्याचं वाक्य. ‘“ढोलीतच,” असं गौरी म्हणाली’ हे पुस्तकात ठीक असतं. मोठ्याने वाचताना अवतरणचिन्ह दिसत नाही, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत कोण बोलतंय ते कळत नाही. म्हणून ‘गौरी म्हणाली,’ हे पुढे आणलं.

वेळेसाठी बाईंनी मोठ्याने आकडे मोजायचे, असं ठेवलं. घड्याळाची टिकटिक सांगण्यापेक्षा ‘आठ... नऊ... दहा...’ हे वाचणाऱ्याला सोपं जातं, आणि ऐकणाऱ्याला वेळ सरताना कानाने कळते.

या मसुद्यात वेणू उभी राहून सगळ्या वर्गासमोर उत्तर देते, टाळ्या पडतात आणि गट जिंकतो. उद्या वाचून बघायचं.

22 नोव्हेंबर, शनिवार

वाचन झालं. ऐकताना मुलांच्या नजरा कुठे जातात ते टिपायला सहकारी सरांना मागे बसवलं होतं. वाचणाऱ्याला पान आणि चेहरे दोन्ही सांभाळताना ते नीट दिसत नाही. सरांच्या कागदावरच्या दोन नोंदी फार कामाच्या निघाल्या.

पहिली नोंद मसुद्यातल्या दुसऱ्याच वाक्याची. ‘वेणू फार लाजाळू होती’ असं वाचलं आणि चार-पाच मुलांनी वळून चौथीतल्या एका मुलीकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि गोष्ट संपेपर्यंत सोडलं नाही. म्हणजे तो शब्द गोष्टीत राहिला नाही, वर्गातल्या एका खऱ्या मुलीला जाऊन चिकटला. आता हा शब्द गोष्टीत कुठेच येणार नाही. वेणू कशी आहे हे सांगायचं नाही, ती काय करते एवढंच सांगायचं. तिचं ‘हजर’ पहिल्या रांगेपर्यंत पोचत नाही. ती वर बघत चालते. एवढ्यावर मुलं ओळखतात, आणि अशा वर्णनात बरीच मुलं मनातल्या मनात स्वतःला बसवू शकतात.

दुसरी नोंद नंतरच्या खेळाची. संघ ठरवायला बसले तेव्हा एका संघातल्या मुलांनी त्याच मुलीला ढोसायला सुरुवात केली, “तू बोल ना, वेणूसारखं बोल.” यात प्रेम होतं, पण ती आणखी आक्रसली. गोष्टीत वेणूला कोणी ढोसत नाही, ती स्वतः सुरुवात करते. तरी मुलांनी शेवटचं दृश्य तेवढं उचललं, एकटी मुलगी सगळ्यांसमोर उभी आणि टाळ्या. मोठा प्रसंग जेवढा ठळक, तेवढी त्याची नक्कल दुसऱ्याकडून करून घ्यायची ओढ जास्त. म्हणून तो प्रसंग लहान करायचा. वेणू फक्त सोहमला सांगेल. वर्गाला सांगेल सोहम, पण ‘वेणू म्हणते’ असं म्हणून. टाळ्या काढल्या. गट जिंकला की हरला तेही काढलं.

24 नोव्हेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत सरांशी बोलणं झालं. सर म्हणाले, “बाई, एक विचारू? वेणूचं उत्तर बरोबर आलं म्हणून सगळं गोड झालं. चुकलं असतं तर?”

प्रश्न अगदी मर्मावर आहे. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उत्तर येत असतं. त्यांना भीती असते ती चुकल्यावर जे होईल त्याची. अशा मुलाने ही गोष्ट ऐकली तर त्याच्या हाती एवढंच येतं की खात्री असेल तेव्हाच तोंड उघडावं. ते तर तो आत्ताही करतोच आहे.

म्हणून गोष्टीत दोन चुका घालते आहे. पहिली सोहमची, सुरुवातीलाच, आणि तिच्यावरून कोणी काही बोलत नाही. दुसरी खुद्द वेणूची, तिच्या बरोबर उत्तराच्या नंतर. त्या चुकीसाठीही नीट प्रश्न हवा, मूर्खपणाचं उत्तर नको. ‘भीमा शेवटी कोणत्या नदीला मिळते?’ हा घेतला. भीमा उगम पावते ती इथेच, भीमाशंकरला, आणि शेवटी कर्नाटकात कृष्णेला मिळते. वेणू म्हणेल ‘चंद्रभागेला’. वारीला गेलेल्या घरातलं मूल हेच म्हणेल, कारण पंढरपुरात भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. चुकल्यावर गौरीने काय म्हणायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. सरांना ‘काही हरकत नाही’ असं हवं होतं. मला ते मोठ्या माणसाचं वाक्य वाटलं. नऊ वर्षांची मैत्रीण म्हणेल, ‘मलापण तेच वाटलं होतं.’ सरांनाही ते पटलं.

26 नोव्हेंबर, बुधवार

आज वाचण्याचा वेग आणि थांबे पाहिले. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं. मैदानावर जायला उतावीळ झालेली मुलं चार मिनिटं छान ऐकतात, पाचव्या मिनिटाला चपला शोधायला लागतात. मुद्रण सहा मिनिटांच्या जवळ गेलं. कापायला सुरुवात केली तेव्हा पहिलं गेलं ते जंगलाचं वर्णन. ते मला फार आवडलं होतं, पण वेणू वर बघत चालते एवढं कळलं की पुरतं.

जे कापायचं नाही ते म्हणजे एक थांबा. वेणू सोहमची बाही ओढते, आणि तिथे वाचणाऱ्याने गप्प राहायचं. मनात तीन आकडे मोजायचे. वर्गात आपण प्रश्न विचारल्यावर किती कमी थांबतो यावर मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात काम केलं आहे. वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं त्यांना आढळलं. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. गोष्टीतला सोहम जे करतो ते हेच. तो विचारतो ‘काय गं?’ आणि थांबतो. ऐकणाऱ्या मुलांना थांबणं म्हणजे काय हे सांगून कळत नाही, वाचणारा खरंच थांबला की कळतं. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि तो पुढे पळतो, म्हणून मजकुरातच कंसात ‘थांबा’ असं लिहून ठेवलं.

आकडे मोजण्याची एक बाजू शनिवारी दिसलीच होती. मुलं बाईंच्या बरोबरीने मोजायला लागतात. पहिले दहा आकडे मोजू द्यावेत, त्यांना मजा येते. पण बाही ओढण्याच्या वाक्याआधी हात खाली करून आवाज उतरवायचा, नाहीतर ते वाक्य कल्ल्यात बुडतं.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

उद्यासाठीचा मजकूर पक्का झाला. संपूर्ण इथे उतरवून ठेवते.

*थांब जरा*

वेणू चौथीत होती. शाळेत येताना तिची वाट झाडीतून जायची. वेणू वर बघत चालायची. कुठल्या झाडाला मोहोळ आहे, कुठल्या फांदीवर हरियाल बसतो, तिला ठाऊक असायचं.

वर्गात वेणू कडेला बसायची. हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची, पण ते पहिल्या रांगेपर्यंत पोचायचं नाही.

एका शनिवारी शाळेत प्रश्नमंजुषा होती. वेणूच्या गटात सोहम आणि गौरी. सोहम गटनायक.

बाई म्हणाल्या, “प्रश्न विचारला की मी वीस आकडे मोजेन. तोवर आपसात बोला. मग गटनायकाने हात वर करून उत्तर द्यायचं. दिलेलं उत्तर बदलता येणार नाही.”

बाईंनी विचारलं, “महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं?”

सोहमने लगेच हात वर केला. सोहम म्हणाला, “कळसूबाई!” बरोबर.

बाईंनी विचारलं, “महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?”

सोहमचा हात पुन्हा वर. सोहम म्हणाला, “कमळ!”

बाई म्हणाल्या, “नाही. ताम्हण.”

गौरी म्हणाली, “जाऊ दे. पुढचा बघू.”

बाईंनी विचारलं, “शेकरू पिल्लांसाठी घर कुठे करतं?”

सोहम म्हणाला, “सोप्पंय! शेकरू म्हणजे खार. खार राहते ढोलीत.”

गौरी म्हणाली, “हो, ढोलीतच.”

बाई मोजू लागल्या. एक... दोन... तीन...

वेणूला वाटेवरचं जांभळाचं झाड आठवलं. अगदी वर, बारक्या फांद्यांत, काटक्यांचा आणि पानांचा मोठ्ठा गोळा. त्यातून झुपकेदार शेपटी खाली लोंबत होती. वेणूने ते पाहिलं होतं. परवाच.

आठ... नऊ... दहा...

वेणूने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

बारा... तेरा... सोहमचा हात वर जायला लागला.

वेणूने सोहमची बाही ओढली.

(थांबा)

सोहमने वळून पाहिलं. हात खाली घेतला. सोहम म्हणाला, “काय गं?” आणि तो थांबला. गौरीपण थांबली.

पंधरा... सोळा...

वेणू हळूच म्हणाली, “ढोलीत नाही. खोपा करतं. वर, शेंड्याला. मी बघितलंय.”

एकोणीस... वीस!

सोहमने हात वर केला. सोहम म्हणाला, “बाई, वेणू म्हणते, शेकरू खोपा करतं. झाडाच्या शेंड्याला.”

बाई म्हणाल्या, “बरोबर. बारीक फांदीवर करतं, म्हणजे जड जनावर तिथे पोचत नाही.”

मग शेवटचा प्रश्न. बाईंनी विचारलं, “आपली भीमा नदी शेवटी कोणत्या नदीला मिळते?”

एक... दोन...

वेणू म्हणाली, “चंद्रभागेला.”

सोहमने हात वर केला. सोहम म्हणाला, “वेणू म्हणते, चंद्रभागेला.”

बाई म्हणाल्या, “नाही. कृष्णेला. पंढरपुरात भीमेलाच चंद्रभागा म्हणतात.”

वेणूने खाली पाहिलं.

गौरी म्हणाली, “मलापण तेच वाटलं होतं.”

प्रश्नमंजुषा संपली. सगळे मैदानावर पळाले. खो-खोचे संघ पडले.

सोहम म्हणाला, “पहिल्या तुकडीत कोण पळणार? वीस आकडे. बोला!”

वेणू म्हणाली, “थांब जरा. मी सांगते.”

29 नोव्हेंबर, शनिवार

आज गोष्ट आणि खेळ यांची सांधेजोड नीट बसवली. संघ गोष्टीच्या आधीच पाडले. नायकांनी एकेक गडी निवडायचा ही पद्धत घेतली नाही, कारण त्यात शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. एक-दोन, एक-दोन असे आकडे म्हणून संघ केले आणि प्रत्येक संघ एकत्र बसून गोष्ट ऐकत होता. गोष्टीचं शेवटचं वाक्य वाचलं, पान मिटलं, आणि दुसरं काही न बोलता म्हटलं, “पहिल्या तुकडीत कोण पळणार? वीस आकडे. एक... दोन...” ‘गोष्टीतून काय शिकलो’ असा प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर नेहमीच्या दोघांनी नेहमीचं उत्तर दिलं असतं आणि मधला धागा तुटला असता.

नियम एकच सांगितला होता, तोही संघ पाडताना. कोणीही कोणाच्या बाहीला हात लावला की नायकाने हात खाली घ्यायचा आणि ‘काय?’ म्हणून थांबायचं. कोणी दुसऱ्याला ‘तू बोल’ म्हणायचं नाही.

एका संघात जे घडलं ते सरांनी जवळ बसून टिपलं. नायकाने नेहमीच्या तीन वेगवान मुलांची नावं घेतली. सात-आठ आकडे झाले असतील. परवा छताकडे बोट करणारा मुलगा याच संघात होता. त्याने नायकाची बाही धरली, ओढली नाही, नुसती धरली. नायक बोलतच राहिला. शेजारच्या तिसरीतल्या मुलीने नायकाला हलवून सांगितलं, “अरे, थांब ना, धरलंय त्याने.” नायक थांबला. मुलगा म्हणाला, “तिघे एकदम नको. ते आऊट झाले की मागे कोण नाही.” एवढंच. चौदाव्या आकड्याला दोन वेगवान आणि एक चुकवण्यात पटाईत अशी तुकडी ठरली, तिसरा वेगवान मुलगा दुसऱ्या तुकडीसाठी ठेवला. पळतीचे गडी तिघा-तिघांनी आत येतात, त्यामुळे सगळे चांगले आधीच घालवले तर पुढचा वेळ काढणं जड जातं. हे त्याला बसल्या जागेवरून पाहून कळलं होतं.

ओढणी तोंडात धरणारी मुलगी काही बोलली नाही. पण तिच्याकडे आज कोणी वळूनही पाहिलं नाही. ती गोष्टीभर वर बघत ऐकत होती आणि ‘मलापण तेच वाटलं होतं’ला हसली. पाठलागात तिचा ‘खो’ मला रेषेपाशी ऐकू आला, पुढची मुलगी लगेच उठली. तेवढ्यावरून गोष्टीचा परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. तिच्या पुढे बसलेली मुलगी तिची जिवलग मैत्रीण होती, तेही कारण असेल.

दुसऱ्या संघात नायकाने बाहीला हात लागायच्या आतच तिन्ही नावं जाहीर केली. त्या संघासाठी पुढच्या वेळी दहाव्या आकड्याआधी हात वर करायचा नाही, असा नियम लागेल.

2 डिसेंबर, मंगळवार

ही गोष्ट कोणत्या मुलासाठी नाही, हे लिहून ठेवणं गरजेचं आहे, कारण दुसऱ्या शिक्षकांच्या हातात ती जाणार आहे.

न बोलणारी सगळी मुलं वेणूसारखी नसतात. काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्द काढत नाहीत, मैत्रिणीशीही नाही. त्याला निवडक मौन म्हणतात. ते चिंतेतून येतं, हट्टातून नाही. शाळेचा पहिला महिना कोणतंही मूल गप्प राहू शकतं, पण त्यानंतरही असं चालू राहिलं तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडे पाठवावं. अशा मुलासमोर गोष्ट वाचायला हरकत नाही, पण नंतर त्याने बोलावं अशी वाट बघायची नाही. बोटाने दाखवलं, मान हलवली, दगड ठेवून तुकडी दाखवली तरी ते मत धरायचं. बाहीची खूण मी त्यामुळेच सोडत नाही. ती शब्दाशिवाय देता येते.

दुसरी मुलं म्हणजे ज्यांच्या घरची बोली वेगळी आहे. आमच्याकडे ठाकर आणि कातकरी घरांतली मुलं येतात. त्यांना उत्तर येतं, पण ते पुस्तकी मराठीत मांडेपर्यंत वीस आकडे संपतात. त्यांच्यासाठी चाळीस मोजावेत आणि ज्या बोलीत येईल तसं येऊ द्यावं. हे ओळखायची साधी खूण आहे. असं मूल मैदानावर आपल्या वाडीतल्या मुलांशी मोकळं बोलतं आणि संघात गप्प होतं. ते वाडीतल्यांशीही गप्प असेल तर कारण वेगळं शोधावं.

10 डिसेंबर, बुधवार

शिक्षण परिषदेत गोष्ट वाचून दाखवली. दोन शाळांनी मजकूर मागितला. एका बाईंची शाळा अगदी सपाटीवर आहे, तिथल्या मुलांनी शेकरू चित्रातच पाहिलं आहे. त्या म्हणाल्या, “आमच्या मुलांना तुमची वेणू खोटी वाटेल हो.” त्यांचं बरोबर आहे. शेकरू बदलावंच लागेल, बाकीचा सांगाडा तसाच चालेल.

बदलताना आमच्या प्रश्नाची कसोटी लावायची. चुकीचं उत्तर ओठावर यायला हवं आणि बरोबर उत्तर त्या गावातल्या मुलाने पाहिलेलं हवं. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ‘समुद्री कासव अंडी कुठे घालतं?’ हा प्रश्न बसेल. धीट मुलगा ‘पाण्यात’ म्हणेल, आणि वाळूतले खड्डे पाहिलेली मुलगी बाही ओढेल. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर ‘माळढोक अंडं कुठे घालतो?’ असं विचारता येईल. पक्षी म्हटल्यावर मुलं झाड म्हणणार, माळढोक मात्र उघड्या जमिनीवरच अंडं घालतो. तिथे माळढोक आता फार क्वचित दिसतो, त्यामुळे मुलाने स्वतः पाहिलेलं नसेल तर आजोबांनी पाहिलेलं चालेल, पण मग ‘मी बघितलंय’ हे वाक्य बदलून ‘आजोबांनी दाखवलंय ती जागा’ असं करावं. सपाटीवरच्या बाईंना टिटवी सुचवली. तीही जमिनीवरच अंडी घालते आणि नांगरटीच्या वेळी शेतात मुलांना ती सापडतात.

वेणूचं चुकीचं उत्तरही गावाप्रमाणे बदलावं लागेल, आणि ते विचार करून दिलेलं चुकीचं उत्तर असायला हवं. हे दोन्ही शाळांना लिहून दिलं. दोन चुकांतली एकही गाळू नका, असं खाली अधोरेखित केलं.

आमच्याकडे पुढच्या शनिवारी लगोरी आहे. लगोऱ्या रचणारे कोण आणि चेंडू चुकवत दुसरीकडे ओढणारे कोण, हे संघाला आधी ठरवावं लागतं, म्हणून वीस आकड्यांची बैठक तशीच राहील. गोष्टीतलं ‘खो-खोचे संघ पडले’ आणि सोहमचा तुकडीचा प्रश्न, एवढी दोन वाक्यं बदलून छापील प्रत काढायची. दहाव्या आकड्याआधी हात वर न करण्याचा नियम आता दोन्ही संघांना.